आईच्या नाकाचे माप आणि घरातले सात जण: फोनमधल्या फोटोंवरून काढलेल्या चित्राविषयी

आईचा प्रश्न: "चित्र बघितलं. सगळे ओळखू येतात. पण फोनमधल्या फोटोत माझं नाक केवढं मोठं दिसतं, आणि तू चांगलं बारीक काढलंस. उगीच मला सुंदर केलंस का? आणि आपण सगळे असे एका जागी कधी उभेच राहिलो नाही, मग हे कुठल्या फोटोवरून काढलंस? फोनवर तू घाईत असतोस, नीट लिहून कळव."

व्हँकुव्हर

तीर्थरूप आईस,

बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुला मी सुंदर केलेले नाही. नाक मी तुझ्या खऱ्या नाकाएवढेच काढले आहे. खोटे बोलतो आहे तो फोटो. तुझा स्वतःचा म्हणून माझ्याकडे असलेला सर्वांत स्पष्ट फोटो हा तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून स्वतःच काढलेला सेल्फी आहे. फोन हातात धरून स्वतःचा फोटो काढताना तुझा हात कोपरात वाकतो आणि फोन तुझ्या नाकाच्या शेंड्यापासून जेमतेम चाळीस सेंटिमीटरवर येतो. तुझे कान नाकाच्या शेंड्याच्या साधारण बारा सेंटिमीटर मागे आहेत, म्हणजे कॅमेऱ्यापासून ते बावन्न सेंटिमीटरवर पडतात. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान, हा साधा नियम इथे लावला तर कानांच्या मानाने नाक जवळजवळ तीस टक्क्यांनी मोठे उमटते. तीच तू सहा-साडेसहा फुटांवर, म्हणजे दोन मीटरवर उभी असतीस, तर हा फरक सहा टक्क्यांवर आला असता आणि कोणाच्या लक्षातही आला नसता. आपण घरात एकमेकांना ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पानावर समोरासमोर बसून, अंगणातून हाक मारताना बघतो. चाळीस सेंटिमीटरवरून तुझ्याकडे मी तान्हा असतानाच काय ते बघितले असेल. म्हणून तुझा जो चेहरा आम्हा सर्वांच्या मनात आहे, तो लांबून पाहिलेला चेहरा आहे, आणि मी तोच काढला.

फोटो फार जवळून काढला आहे हे ओळखायची एक खूण तुला सांगतो. त्या सेल्फीत तुझ्या मोत्यांच्या कुड्या शोधून बघ. तुझे कान गालांच्या आड गेले आहेत आणि कुड्या दिसतच नाहीत. समोरून पाहिलेल्या माणसाचे कान दोन्ही बाजूंना थोडे तरी दिसायला हवेत; ते नाहीसे झाले की समजावे की नाक, ओठ आणि कपाळाचा मधला भाग हे सगळे फुगलेले आहे आणि त्यावरून चेहऱ्याची मापे घेऊ नयेत. त्या फोटोवरून मी फक्त तुझ्या भुवयांचा आकार आणि गालावरचा तीळ एवढेच घेतले, कारण जवळ असल्यामुळे तेवढे मात्र त्यात स्पष्ट आहे.

आता आपण सगळे एका जागी कसे आलो ते सांगतो. गेल्या भाद्रपदात मी तीन आठवडे घरी होतो, तेव्हा माझ्या फोनमध्ये आणि ताईच्या फोनमध्ये मिळून एकशे त्रेसष्ट फोटो आणि काही छोटे व्हिडिओ जमले. परत आल्यावर मी ते माणसांप्रमाणे वेगळे काढले. चिमी नव्वदांहून अधिक फोटोंत आहे, बाबा चार फोटोंत आणि तू अकरा. बाबा नाहीत कारण फोटो काढायचे काम नेहमी त्यांच्याकडे येते, आणि तू नाहीस कारण फोटोच्या वेळी तू आत असतेस. त्या अकरांपैकी सहांत तू मान वळवून चालली आहेस आणि चारांत फोटो काढतात म्हणून ओठ मिटून सावध उभी आहेस. अकरावा तो सेल्फी. या कामात मला चौदा वर्षे झाली, रोज कार्टून मालिकांतली माणसे मी काढतो, आणि तरीही स्वतःच्या आईचा चेहरा कागदावर आणायला मला चार संध्याकाळी लागल्या, याचे मला फार वाईट वाटले.

शेवटी तू सापडलीस ती एका व्हिडिओत. चतुर्थीच्या दिवशी मी मोदकाच्या पारीला तेरा कळ्या पाडल्या आणि एकीकडे ती फाटली, तेव्हा तू मला रागे भरत होतीस आणि हसतही होतीस. ताईने ते टिपले होते. त्या व्हिडिओत तुझा चेहरा बोटाच्या पेराएवढाही नाही आणि हलल्यामुळे तो पुसटही आहे, पण चित्रासाठी तेवढे पुरते. अर्कचित्राला त्वचेचा बारीकसारीक तपशील लागत नाही. चेहऱ्याची ठेवण कशी बदलते ते लागते. मी तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला, तेव्हा लक्षात आले की हसताना तुझा उजवा गाल आधी वर जातो, डावा मागून येतो, आणि उजवा डोळा जवळजवळ मिटतो. सावध उभ्या असलेल्या चारही फोटोंत तुझ्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणूनच त्यांत तू कोणीतरी वेगळीच बाई वाटतेस. उजवा गाल किंचित वर घेतला, उजव्या डोळ्याची नुसती रेघ केली, आणि समोर तू उभी राहिलीस.

सुरकुत्यांविषयी तू विचारले नाहीस, पण "सुंदर केलेस का" या प्रश्नात त्याही येतात असे मी समजतो. फोटोत सुरकुती म्हणजे हलकी सावली असते. तिला ठाम कड नसते. रेषेच्या चित्रात मात्र मला ती एकतर काढावी लागते किंवा सोडावी लागते, आणि काढली की काळ्या रेघेने ती फोटोतल्यापेक्षा कितीतरी खोल दिसते. तुझ्या डोळ्यांभोवतीच्या सगळ्या रेघा काढून मी एकदा पाहिल्या, तर तू आजीच्या वयाची झालीस. म्हणून फक्त हसताना उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पडणाऱ्या दोन रेघा ठेवल्या. आजीला सहा दिल्या. तिच्या बाबतीत अडचण उलटी होती: ताईच्या फोनमध्ये चेहरा आपोआप गुळगुळीत करणारी सोय चालू राहिली होती आणि तिने आजीच्या हनुवटीवरचे गोंदणसुद्धा पुसून टाकले होते. ते मी माझ्या फोनमधल्या फोटोवरून परत आणले. ताईला ती सोय कायमची बंद करायला सांग.

यानंतर माझ्याकडून जी चूक झाली ती तुला सांगायलाच हवी, कारण ती ताईच्या डोळ्यांतूनही सुटली होती. पुढच्या बाजूचा कॅमेरा आपल्याला आरशासारखा चेहरा दाखवतो, आणि काही फोन तो तसाच उलटा जतनही करतात. तुझा सेल्फी असा उलटा जतन झालेला आहे. त्यावरून मी तुझ्या गालावरचा तीळ डावीकडे काढला. प्रत्यक्षात तो उजवीकडे आहे. दुसऱ्या फोटोवरून घेतलेला पदर मात्र बरोबर डाव्या खांद्यावर होता. त्यामुळे चित्रातली बाई अर्धी आरशातली आणि अर्धी खरी अशी झाली. काहीतरी खटकत होते पण काय ते कळेना. दोन दिवसांनी बाबांचा एक सेल्फी उघडला आणि त्यांच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे दिसला, तेव्हा उलगडा झाला, कारण शिवलेल्या सदऱ्याचा खिसा डावीकडेच असतो. मग मी प्रत्येक फोटोत अशी एकेक खूण शोधून ठेवली: तुझा पदर आणि नाकातली चमकी डावीकडे, बाबांचा खिसा डावीकडे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरे सुलट आहेत की उलट. उलटे निघालेले नऊ फोटो सुलटे करून घेतले आणि मगच पुढे हात घातला.

गणपतीपुढचा तो एकच फोटो, ज्यात आपण सहा जण आलो आहोत, तो तुला सर्वांत उपयोगाचा वाटला असेल. तो माझ्या फारसा कामी आला नाही. माजघरात मागे सरायला जागा नव्हती म्हणून बाबांनी फोन अर्ध्या पटीवर, म्हणजे पडद्यावर ०.५ दिसते त्या भिंगावर ठेवला होता. ते भिंग फार रुंद दृश्य एकदम घेते आणि कडेला असलेल्या गोष्टी बाहेरच्या बाजूला ताणते. भावोजी उजव्या टोकाला होते, त्यामुळे त्यांचे डोके कलिंगडासारखे आडवे झाले आणि दंड दुप्पट. मधोमध बसलेली आजी मात्र आहे त्याहून लहान वाटते. ज्याला भावोजी माहीत नाहीत अशा चित्रकाराने त्या फोटोवरून त्यांना गुबगुबीत काढले असते, आणि अर्कचित्रात फुगवून काढायची सवय असल्याने आणखी गुबगुबीत काढले असते. मी त्या फोटोतून कोण कोणाच्या शेजारी उभे राहते एवढेच घेतले. आजीच्या जवळ तू आणि चिमी सगळ्यांच्या पायांत, हे त्यातलेच आहे.

उंची ठरवायला मला पडवीच्या चिऱ्याच्या भिंतीने मदत केली. गिलावा नसल्यामुळे तिचे थर मोजता येतात. भिंतीला लागून उभे राहिलेले माणूस कितव्या थरापर्यंत पोचते हे पाहिले की एकाचा फोटो लांबून आणि दुसऱ्याचा जवळून असला तरी हरकत नाही. थर किती इंचांचा तेही माहीत असावे लागत नाही. तू सातव्या थरापर्यंत पोचतेस, बाबा साडेसातपर्यंत, भावोजी आठव्याच्या जरा खाली. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण चित्रात मी मोठ्या माणसांची उंची त्यांच्या डोक्याच्या चौपट ठेवली आहे. खऱ्या माणसाची सात-साडेसातपट असते. डोकी मोठी केली की चेहरे वाचता येतात, पण मग लहान मुलांची पंचाईत होते. चार वर्षांच्या मुलाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे पाचपट असते, म्हणजे चिमीलाही चौपट दिली असती तर ती लहान मूल न दिसता आखडलेली बाई दिसली असती. म्हणून तिला तिप्पट दिली आणि डोके जवळजवळ तुझ्या डोक्याएवढेच काढले. ते तुला मोठे वाटले असेल, पण या वयात मुलांचे डोके मोठ्या माणसाच्या डोक्याच्या बरेच जवळ पोचलेले असते. वाढायचे असते ते अंग. शिवाय तिचे डोळे चेहऱ्याच्या मध्याच्या थोडे खाली ठेवले. तेवढ्यानेच वय कमी दिसते.

चेहरे आणि मापे झाल्यावर मी एक परीक्षा घेतो, ती इथल्या कामातही आम्ही नेहमी घेतो. आतल्या सगळ्या रेघा काढून टाकून प्रत्येक माणूस नुसता काळा भरायचा आणि तो कोण हे दुसऱ्याला विचारायचे. मी सातही काळ्या आकृत्या ताईला पाठवल्या. तिने तुला लगेच ओळखले, कारण तुझा उजवा हात कमरेला खोचलेल्या पदराच्या टोकाला पुसला जातो आहे. आजीला काठीवरून नव्हे तर पुढे आलेल्या मानेवरून ओळखले. बाबा मात्र तिला ओळखता आले नाहीत, "हे कोण, शेजारचे काका का?" असे तिने विचारले. मी बाबांना ताठ काढले होते, कारण त्यांचा समोरून घेतलेला एकमेव नीट फोटो पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला होता आणि त्यात छायाचित्रकाराने त्यांना सरळ बसायला लावले होते. मी मखर बांधतानाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. बाबांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे खाली आहे. इतकी वर्षे त्याच खांद्याला वह्यांची पिशवी अडकवून ते शाळेत चालत गेले, आणि मी त्यांच्या मागून चालत असे, तरी हे मला कधी दिसले नव्हते. खांदा खाली घेतला, मान त्याच्या विरुद्ध थोडी कलती केली, आकृती पुन्हा पाठवली, आणि ताईचे उत्तर आले: "बाबा." चित्रात बाबा वाकडे उभे आहेत असे त्यांना वाटले तर हे वाचून दाखव.

रंगांविषयी थोडेसेच. फोटो ट्यूबलाइटखाली, उन्हात आणि समईच्या उजेडात असे निरनिराळे निघालेले आहेत, आणि तुझी एकच हिरवी साडी त्यांत तीन रंगांची दिसते. अशा वेळी मी फोटोत खरोखर पांढरी असलेली वस्तू शोधतो. आपल्याकडे ती बाबांची बंडी. बंडी पिवळट दिसत असेल तर त्या फोटोतले सगळेच रंग पिवळ्याकडे झुकले आहेत असे धरून ती पांढरी होईपर्यंत रंग फिरवायचे, म्हणजे साडी आपोआप आपल्या रंगावर येते. उजेड मी सर्वांवर एकाच बाजूने, अंगणाकडून, डावीकडून टाकला आहे. तसे केले नसते तर वेगवेगळ्या दिवशीची माणसे कापून चिकटवल्यासारखी दिसली असती.

चित्रात मी स्वतः पायरीवर बसलो आहे, ते ज्या फोटोवरून काढले तो इथल्या खोलीतला आहे. माझ्या एका मित्राने तो दोन मीटरवरून काढला. पायातल्या चपला मात्र घरच्या आहेत; त्या एका फोटोत पडवीच्या कोपऱ्यात पडलेल्या सापडल्या. तू त्या अजून टाकल्या नाहीस हे मला त्या फोटोवरून कळले.

तुझ्या फोनवर जे चित्र आले आहे ते छापायला देऊ नकोस. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवले की त्याचा आकार लहान होतो. ते फोनवर छान दिसते, पण बारा बाय अठरा इंचांवर छापले तर रेघांच्या कडा दातेरी येतील. मूळ चित्र ५४०० बाय ३६०० ठिपक्यांचे आहे, ते मी ताईला ई-मेलने पाठवले आहे. तिने ते पेन ड्राइव्हवर घेऊन छापणाऱ्याकडे द्यावे आणि चकचकीत नव्हे, मॅट कागद मागावा. छापल्यावर हिरवा रंग पडद्यावरच्यापेक्षा थोडा मंद येईल, तो दोष धरू नये. आधी एक लहान नमुना काढून तो उन्हात नेऊन साडीशेजारी धरून पाहावा. चौकट करताना काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालायला सांगावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद काचेला टेकलेला राहिला की चिकटतो आणि मग तो सोडवता येत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीला दरवर्षी ओल येते, तिथे चित्र लावू नये. माजघरात, आजोबांच्या तसबिरीशेजारी जागा आहे.

एक गोष्ट अजून राहिली आहे. तुझ्या कुड्या मी आठवणीने काढल्या, कारण एकाही फोटोत त्या नीट आल्या नाहीत. मोती सात आहेत एवढे मला आठवते, पण मधला खडा लाल की गुलाबी याची खात्री नाही. छापण्याआधी ते दुरुस्त करायचे आहे. सकाळी नऊच्या सुमारास पडवीत, उन्हात नव्हे पण उजेडाकडे तोंड करून तू उभी राहा. ताईने सहा-सात फूट लांब उभे राहून, फोन तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर धरून, दुपटीवर म्हणजे २ दिसेल तिथे ठेवून, फ्लॅश न लावता, एक समोरून आणि एक बाजूने असे दोन फोटो काढावेत, आणि ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. फोटो काढताना ताईने तुझ्याशी काहीतरी बोलत राहावे. सावध उभी राहू नकोस.

आजीला आणि बाबांना माझा नमस्कार सांग. चिमीला तिचे डोके किती मोठे आहे ते सांगू नकोस, मी आल्यावर दाखवीन.

तुझा,
बाळू